मंगळवारच्या सह्या

धाराशिवच्या त्या दुकानात मी तपासणीला गेले तेव्हा आमच्या कंपनीत मला अकरा वर्षं झाली होती. किराणा, तेल-तूप, साबण, थोडे कपडे असं मोठं दुकान. कागदावर जो माल दिसायचा, त्यापेक्षा फळीवर बराच कमी भरत होता. ही तूट कुठून येते, ते शोधायचं माझं काम.

मॅनेजरनं खव्याचे पेढे पुढं केले. "मॅडम, शोधायचं काय त्यात? चोर घावलाय. दोन नंबरच्या काउंटरवरची बाई. लई सवलती देती ओळखीच्यांना. माल परत आल्याच्या नोंदी बी तिच्याच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुठल्या मोहल्ल्यातली हाय ते कळलं की तुमच्या ध्यानात येईलच."

पेढा माझ्या हातातच राहिला. मी तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

त्या बाईच्या पगारातून तीन महिने तुटीचे पैसे कापले जात होते. ती रोज तेर गावाहून एसटीनं यायची. मी तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी सवलत देऊच शकत न्हाय. मशीन साहेबांचा कोड मागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मोजणी सुरू केली. मोजणाऱ्यांच्या हातात कोरे कागद दिले. संगणकातला आकडा त्यांना दाखवला नाही. आकडा दिसला की माणूस मोजत नाही, उतरवून काढतो. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, फरक आला की तिसऱ्यानं. तुपाचे डबे कमी भरले. तेही एकट्या फळीवर नाही, मागच्या गोदामातही.

मग मी माल उतरवून घेतल्याच्या पावत्या काढल्या. कंपनीच्या मुख्य गोदामातून बारा डब्यांचा खोका म्हणून मालाचं चलन यायचं, आणि खोका न फोडता बारा अशी सही व्हायची. त्याच दिवशी गाडी आली. मी उतरवणाऱ्यांना सगळे खोके फोडायला लावले. तुपाचं नवं पॅकिंग दहाचं निघालं. प्रत्येक खोक्यामागं दोन डबे दुकानात कधी आलेच नव्हते, आणि त्यांचे पैसे त्या बाईच्या पगारातून वळते होत होते.

उरलेली तूट माल परत आल्याच्या नोंदींत सापडली. गिऱ्हाईकाचं मूळ बिल जोडलेलं नाही, परत आलेली वस्तू कुठं नाही, पण गल्ल्यातून पैसे गेलेले. वस्तू कागदावर वाढली, फळीवर नाही. सगळ्या नोंदी त्या बाईच्या नावानं, आणि मंजुरीचा कोड मॅनेजरचा. मोठ्या सवलतीही तशाच. मी तारखा हजेरीपटाशी ताडून पाहिल्या. सगळे मंगळवार. मंगळवारी तिची सुट्टी असायची. तिचा पासवर्ड मॅनेजरनंच कामावर घेताना लिहून घेतला होता.

मी कागद त्याच्यासमोर ठेवले. तो घाबरला नाही, याचीच मला जास्त किळस आली. रुमालानं मान पुसत म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. तिला काय, कुठं बी भांडी घासून पोट भरता येतं. माझी दोन पोरं इंग्लिश मीडियमला हायती."

मी उठून मागच्या दारी गेले. फुटलेल्या तेलाच्या पिशव्या आणि बुरसटलेला पाव तिथं पडला होता. त्या वासात मला आतल्यापेक्षा बरं वाटलं.

अहवालात मी 'अपहार' हा शब्द लिहिला. मुख्य कार्यालयातून माझ्या वरिष्ठांचा फोन आला. "शब्द जरा सौम्य करा. 'प्रक्रियेतील त्रुटी' म्हणा. पोलीस, वर्तमानपत्रं, कशाला?" मी दोन दिवस ओढाताण केली. शेवटी एक अट घातली: तिचे कापलेले सगळे पैसे परत द्यायचे आणि तिची चूक नव्हती असं पत्र द्यायचं. ते मान्य झालं, तेव्हा मी तो शब्द बदलला. माझ्याच हातानं. मॅनेजरनं घरगुती कारण देऊन राजीनामा दिला. निघताना त्याला अनुभवाचा दाखलाही मिळाला.

पत्र द्यायला मी स्वतः तेरला गेले. तिनं ते दोनदा वाचलं, चहा ठेवला.

"पैसे आले," ती म्हणाली. "पण मॅनेजर साहेबांनी एकदा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझी पर्स काउंटरवर उलटी केली होती. माझं सगळं सामान, बाईचं असतं ते बी, लोक बघत होते. ते या पत्रात कुठंय?"

ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत मी फक्त माल मोजला होता.

ती परत कामावर आली नाही. मी मात्र पुढच्या सोमवारी नळदुर्गच्या दुकानात मोजणीला गेले.