पांढरी, मधे रेघ

साळूबाईच्या चंचीला पाच कप्पे होते. दोनांत पान-सुपारी आणि तंबाखू, एकात चुनाळू, उरलेल्या दोनांत गोळ्या. तिसगावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर दुपारी खडी फोडायची थांबली की बाया तिच्याभोवती बसत. कुणाचं डोकं चढलेलं असे, कुणाची कंबर धरलेली. साळूबाई बोट घालून चाचपायची आणि गोळी काढायची. पिवळी बारकी चक्करेची. गुलाबी आम्लपित्ताची. पांढरी, मधे रेघ असलेली, तापाची आणि अंगदुखीची. वाचता येत नसलं तरी गोळ्यांवरून माणसाचं दुखणं सांगता येतं, असं तिला वाटे. माणसंही तिला तसंच वाटू देत.

"मावशे, तू डाक्टरीन व्हायाची चुकून आमच्यात आली," गोजरबाई म्हणायची.

"आन् तुझ्यासारक्या रुग्णाला हात लावायचा? न्हाई बाई," साळूबाई म्हणायची आणि खूश व्हायची.

गोळ्यांच्या दुसऱ्या कप्प्यात तिच्या नवऱ्याच्या, सूर्यभानाच्या, उरलेल्या गोळ्या होत्या. त्याला साखरेचा आजार होता. औषध नगरहून यायचं, कागदाच्या पुडीत सुटं. तो गेला तेव्हा पुडीत गोळ्या शिल्लक होत्या. त्या टाकाव्यात असं तिच्या मनात कधी आलं नाही. दुष्काळाच्या त्या वर्षी कुणी काहीच टाकत नव्हतं. शिवाय चाचपताना ती पुडी बोटाला लागली की माणूस जवळपास आहे असं वाटायचं.

एका सकाळी चंचीची नाडी तुटली आणि सगळं खडीवर सांडलं. पुडी फाटली. साळूबाईने गोळ्या वेचल्या, लुगड्याला पुसल्या आणि तिथंच बसून रंगावरून, आकारावरून पुन्हा लावल्या. पिवळ्या पिवळ्यांत. पांढऱ्या रेघेच्या पांढऱ्या रेघेच्यांत. काही गोळ्यांवर चुना बसला होता, काहींना तंबाखूचा रंग आला होता. तिला शंका आली नाही असं नाही. ती आली आणि गेली.

त्याच दुपारी भीमा आला. तिच्या शेजारच्या झोपडीतला, तिशीच्या आतला, दिवसभर घण मारणारा. अंग ठणकत होतं, जेवण नको होतं.

"मावशी, एखादी गोळी दे ना."

तिने तीन दिल्या. "दोन आता घे, एक दिवस कलला की."

दोन तासांत भीमाला घाम फुटला. हात थरथरू लागले. घण बाजूला ठेवून तो नसलेल्या बैलाला हाका मारू लागला. मुकादम श्रीमंत लांबून ओरडला, "ह्याला कुटं मिळाली रं दुष्काळात? आमालाबी पत्ता सांग." चारजण हसले. मग भीमा खाली बसला आणि आडवा झाला, आणि कुणी हसेना.

खडीच्या ट्रकमधून त्याला तिसगावच्या डॉक्टरांकडे नेलं. बायको छबू त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती. साळूबाई पायाशी बसली. रस्ताभर तिने चंची मुठीत धरली होती.

डॉक्टरांना आधी ऊन लागलं असावं असं वाटलं. पण एवढा घाम आणि पोटात काही नाही, म्हणून त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळात भीमाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"उपाशी काम केलं की असं होतं," डॉक्टर म्हणाले. "खायला घाला आणि न्या घरी. काही औषध घेतलं होतं का?"

छबूने पदराची गाठ सोडली. राहिलेली तिसरी गोळी तिथं होती. "मावशीनं दिल्ती."

डॉक्टरांनी ती उजेडात धरली. "अशा पन्नास गोळ्या असतात. शेजारी मार्तंडरावांना दाखवा. ते काय सांगतात ते कळल्याशिवाय हलवू नका याला."

मार्तंडराव औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. त्यांनी गोळी पांढऱ्या कागदावर ठेवली.

"कुठली ही, साळूबाई?"

"सरकारी दवाखान्यातली. तापाची." तिच्या तोंडून ते इतक्या सहज गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यांनी तापाच्या गोळ्यांचा डबा उघडून एक शेजारी ठेवली. ती मोठी होती, कडेला जाड होती. "ही ती नव्हे."

"आवो, रंग तोच हाय. रेघ हाय."

"रंग तुमच्या चुन्याचा आहे." कोरड्या ब्रशाने त्यांनी गोळी हलके झाडली. चुना उडाला आणि त्याखालून ठशाची अक्षरं वर आली. साळूबाईने ती पहिल्यांदाच पाहिली. तिला ती खरचटल्यासारखी दिसली.

"मंग आता कळलं का, दादा?" छबूने विचारलं.

"हे कंपनीचं नाव आहे, औषधाचं नाही. ही कंपनी हाच ठसा सगळ्या गोळ्यांवर मारते." त्यांनी आणखी दोन डबे काढले आणि दोन्हींतली एकेक गोळी कागदावर ठेवली. तापाची सोडली तर तिन्ही गोळ्या सारख्या होत्या. लहान काट्यावर तोलल्या, तरी फरक हाती लागण्यासारखा नव्हता. "यातली एक झोपेची आहे, एक साखरेच्या आजाराची. दिसण्यावरून मी संशय घेईन, नाव नाही सांगणार. झोपेची असली तर एक उपाय, साखरेची असली तर वेगळाच. ही मुळात कुणासाठी आणली होती, एवढं मला पाहिजे."

छबूने साळूबाईकडे पाहिलं नाही. ती कागदावरच्या गोळ्यांकडे पाहत होती. तिने विचारलं असतं, शिवी दिली असती, तर बोलणं सोपं गेलं असतं.

साळूबाईला उत्तर ठाऊक होतं, दुकानात पाय टाकण्याच्याही आधीपासून. भीमा शुद्धीवर आला होता, घरी जाणार होता. गप्प राहिलं तर कामावर उद्याही बाया तिच्याभोवती बसल्या असत्या. एवढ्यासाठी ती गप्प होती. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही, पण मार्तंडरावांनी तेवढ्यात दोन डब्यांची झाकणं लावली.

"आमच्या ह्यांची हाय," ती म्हणाली. "साखरंची. नगरची. चंची सांडल्ती, मी डोळ्यानं लावल्या."

मार्तंडरावांनी आपल्या डब्यावरचं नाव वाचलं. "तुमच्या यजमानांना दिवसातून एकच होती? सकाळी?"

"व्हय. न्याहारीबरुबर."

"भीमाने किती घेतल्या?"

"दोन. न जेवता."

ते गल्ला उघडा टाकून तिन्ही गोळ्यांसह डॉक्टरांकडे गेले. पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकू आला. या औषधाचा जोर एका दिवसात उतरत नाही, आता दिलेली साखर संपेल आणि रात्री माणूस झोपेतच परत खाली जाईल. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवसापर्यंत भीमाला तिथून सोडलं नाही. पहिल्याच रात्री त्याची साखर पुन्हा उतरली, पण तेव्हा माणसं जवळ होती.

 कामावर कळलं तेव्हा गोजरबाई म्हणाली, "चुकतं माणूस." साळूबाईला चुकल्याची खंत नव्हती. झाकणं लागेपर्यंतच्या त्या गप्प राहण्याची होती, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा छबूशिवाय.

गोळ्या तिने मार्तंडरावांच्या हवाली केल्या. चंचीचे दोन कप्पे रिकामे राहिले. सवयीने बोट तिथं जायचं.

पुढच्या उन्हाळ्यात भीमा मुठीत काही घेऊन तिच्या दारात आला. पोराचं अंग तापलं होतं.

"मावशी, घरात ही सापडली. तापाचीच हाय ना? तूच सांग, तुला वळखू येतं." त्याने मूठ उघडली. त्याच्या मनात काही नव्हतं.

साळूबाईने त्याची बोटं तशीच परत मिटवली.

"मला वळखू येत न्हाई," ती म्हणाली. शेजारच्या झोपडीत छबू चुलीपाशी थांबली होती, तिलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "तवाबी येत नव्हतं. पोराला घे, मार्तंडदादांचं दुकान उघडं आसंल."

आणि ती पायात वहाणा घालून त्याच्या पुढे निघाली.