सुदर्शन सरांचा दोन बाइटचा इंट

सुदर्शन सरांबद्दल चांगलं बोल, असं आई मला सांगते. कुठून बोलू? मी खडकीहून रोज मांजरीच्या त्या कॉलेजात जायचे, आणि हा माणूस आम्हाला वीस-तीस वर्षांपूर्वीची सी ही संगणकाची भाषा शिकवायचा.

लॅबच्या संगणकांवर अजून त्या जुन्या कंपायलरचा, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, निळा पडदाच. पोरगा असल्यापासून सर त्यावर वाढले, त्यावरच त्यांचं घर चाललं, म्हणून त्यांना त्यापलीकडे जग नाही. त्या कंपायलरमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, दोन बाइटचा. त्यात सर्वांत मोठा आकडा ३२७६७. एक मिळवला की उलटून उणे ३२७६८. ‘आउटपुट सांगा’ म्हटलं की वर्गात हेच उत्तर घोकायचं.

कॅम्पस मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला. जावा भाषेत शॉर्ट, म्हणजे छोटा पूर्णांक, ३२७६७ वर असताना एकाने वाढवला तर? मी उणे म्हणाले, बरोबर ठरलं, कारण जावात शॉर्ट सगळीकडे दोनच बाइटचा. मग तोच प्रश्न सीमधल्या इंटवर आला. मी पुन्हा उणे म्हणाले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठल्या काळातला कंपायलर वापरता? आजकाल इंट चार बाइटचा, उत्तर सरळ ३२७६८. त्या मुलाखतीतून मी बाहेर फेकले गेले.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर मोबाइलवर तोच प्रोग्रॅम चालवला. उत्तर अधिक. त्यांनी लॅबच्या मशीनवर चालवला. उणे. मग मी दोन्हीकडे इंटचा आकार छापायला लावला: इकडे चार, तिकडे दोन. मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. कसलं काय! पालथ्या घड्यावर पाणी.

“तुझा मोबाइल तोंडी परीक्षा घेणार आहे का?” सर म्हणाले.

पुढे दुसऱ्या कंपनीत मी उत्तर देण्याआधी कंपायलर कुठला ते विचारलं आणि निवडले गेले. अट एकच, कॉलेजचं प्रॅक्टिकल पास हवं. बाबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त व्हायला आलेले, ही नोकरी मला हवीच होती. आणि प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला कोण? तेच.

त्यांनी मुद्दाम तोच प्रश्न घातला. मी म्हणाले, “सर, इंट किती बाइटचा धरायचा?”

“उत्तर एकच दे. नाहीतर पुढच्या सत्रात ये.”

संताप डोक्यात गेला होता. तरी मी मान खाली घालून म्हणाले, “उणे ३२७६८.”

सर हसले. “आता कशी ताळ्यावर आलीस,” म्हणाले आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

नोकरी लागली. आई म्हणते, बघ, शेवटी त्यांनीच तुला पास केलं. मला मात्र ती गुणपत्रिका पाहिली की आजही थुंकावंसं वाटतं.