सगळ्यांना वाचता येणारी फाइल

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट होतो. वय सत्तावीस, आणि जगातलं सगळं आपल्याला कळलंय असा माज. ‘ओपन सोर्स’ हे शब्द तेव्हा नुकतेच कानावर यायला लागले होते. मला ते इतके आवडले की मी ते चहाच्या टपरीवरसुद्धा वापरायचो.

लॅबच्या सर्व्हरवर तसली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची परवानगी हवी होती. प्राचार्यांना मी एकच शब्द सांगितला, फुकट. खरं तर ती सीडी मी पुण्यातल्या एका दुकानातून पैसे मोजून आणली होती. विकणाऱ्याने काही चूक केली नव्हती. प्रोग्रॅम ज्या मजकुरात लिहिलाय तो वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, हवं तर विका, एवढीच मुभा त्या शब्दांत असते. किमतीबद्दल ते काहीच बोलत नाहीत. पण एवढं समजावत बसलो असतो तर परवानगी मिळाली नसती. सही झाली. नंतर मी सर्व्हरवरच्या सगळ्याची रोज कॉपी ठेवायला टेप ड्राइव्ह मागितला, तेव्हा प्राचार्य चष्म्यावरून बघत म्हणाले, “फुकट म्हणाला होतात ना? मग आता हे कशाला?” टेप ड्राइव्ह आलाच नाही. माझेच दात माझ्याच घशात.

सुभेदारकाका त्याच सुमारास लॅबमध्ये यायला लागले. ते माझ्यासारखेच साताऱ्याकडचे. सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या तुकडीत नोकरी झालेली, आता सांगलीत मुलीकडे राहत. पाच-सहा वर्षं ते एसटीने रहिमतपूर, औंध, कोरेगाव भागातली गावं फिरत होते. लढाईत गेलेल्या जवानांच्या घरी जायचं, आईसमोर बसायचं, आणि पोरगा शेवटच्या सुट्टीवर आला तेव्हा काय काय बोलला ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यायचं. पदकं, तारखा सरकारकडे असतात, पण हे कुठंच लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते सगळं नीट टाइप करून त्या गावांना द्यायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. प्रॅक्टिकल संपलं की दुपारी ते कोपऱ्यातल्या टर्मिनलवर बसत. मराठीच, पण इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. टेलिप्रिंटरवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोटं दुसरं काही ऐकत नव्हती. त्यांची फाइल लॅबमधल्या सगळ्यांना वाचता येईल अशी मी ठेवली होती, आणि तसं त्यांना कौतुकाने सांगितलंही होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सिस्टिमचा परवाना अथपासून इतिपर्यंत वाचला. तो वाचणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

“गड्या, हितं तर मोठ्या अक्षरात लिवलंय, कसलीच हमी न्हाई म्हनून.”

“आवं काका, ते सगळेच लिहितात. हे ओपन सोर्स आहे. जगातले हजारो लोक आतलं सगळं वाचतात. चूक लपूनच राहत नाही.”

“तू वाचलंयस?”

“मी कशाला? बाकीचे वाचतात की.”

“पोस्टवर दहा जन असले आनि परत्येकाला वाटलं दुसरा जागा हाय, तर ती पोस्ट झोपल्याली असती. आमच्यात डूटी बदलताना नाव घिऊन चार्ज द्यायचं. हितं चार्ज कोनाकडं हाय?”

“माझ्याकडं,” मी ऐटीत म्हणालो.

त्यावर त्यांनी विश्वास टाकला. सिग्नल सेंटरची त्यांची एक सवय मला माहीत होती. पक्की प्रत तयार झाली, ताडून झाली, की रफ जाळून टाकायचं. दर रविवारी सकाळी, आठवडाभर टाइप करून तपासलेली वहीची पानं ते मुलीच्या परसातल्या पाणी तापवायच्या बंबात घालत. मला त्यांनी हे हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. तोंडातून “थांबा” एवढा एक शब्द निघाला असता तर! पण मी सुरुवातीला एकदा त्यांच्या फाइलची फ्लॉपीवर कॉपी घेतली होती आणि तेवढ्यावर खूश होतो.

वर्षभराने एका सोमवारी सकाळी मी सर्व्हरपुढे बसलो आणि सगळ्यांची खाती रिकामी दिसली. फोनलाइनवरून इंटरनेट जोडलेलं असताना कुणीतरी मेल सेवेतल्या एका भोकातून आत शिरलं होतं, आणि जाताना माग पुसण्यासाठी सगळंच पुसून गेलं होतं. मुलांची असाइनमेंट्स गेली, त्याचं कुणाला फार वाटलं नाही. काकांची फाइल गेली.

ते भोक पाच आठवड्यांपूर्वीच जगाला कळलं होतं. वाचणाऱ्यांनी खरंच वाचलं होतं, चूक शोधली होती, दुरुस्ती जाहीर केली होती. तशी पत्रं मेलवर माझ्याकडेही यायची. मी त्यांच्यासाठी वेगळा कप्पा केला होता आणि तो कधी उघडत नव्हतो. आता दुसऱ्या मशीनवर ती दुरुस्ती पाहिली. दोन ओळी होत्या. बाहेरून आलेला मजकूर ठरलेल्या जागेत मावतो का, हे आधी तपासायचं, एवढंच. पाच मिनिटांत मला समजलं. मजकूर खुला होता, माझ्यासमोर होता. खुलं म्हणजे सुरक्षित असं कुणीच म्हटलं नव्हतं, ते मीच म्हटलं होतं.

दुपारी काका आले, नेहमीसारखी टोपी काढून टेबलावर ठेवली. मी सांगितलं. ते ओरडतील, निदान शिवी तरी देतील असं वाटत होतं. त्यांनी टर्मिनलच्या कळांवरून एकदा हात फिरवला. “आनि वह्या तर मी जाळल्या,” ते म्हणाले, स्वतःशीच. मी मेल्याहून मेलो.

फ्लॉपीवर नऊ जवान निघाले. बाकीचे शंभराच्या वर होते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं एसटीने औंधला गेलो. यमाईच्या डोंगराखाली एक म्हातारी राहायची, तिने काकांना दोन दिवस बसवून घेऊन सगळं सांगितलं होतं. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “म्हातारी दिवाळीतच गेली वं.” रहिमतपूरला एक आई भेटली, पण तिला आता स्वतःचं नावही आठवत नव्हतं. तिने काकांनाच पोरगा समजून जेवायला बसवलं. काका जेवले.

मग त्यांनी आठवेल तसं पुन्हा लिहायला घेतलं, वहीतच. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत आधी लिहायचे, ‘हमी नाही’. औंधच्या म्हातारीचं पान आलं तेव्हा ते वही घेऊन लॅबमध्ये आले. वर मुलाचं नाव आणि खाली नुसत्या रेघा.

“तिचं शब्द काय केल्या आठवंनात रं. पोरगं वेशीपातूर जाऊन माघारी आलं हुतं, आनि दारात हुबं ऱ्हाऊन कायतरी म्हनलं हुतं.” त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “माझी फाइल सगळ्यास्नी वाचता येती, असं तूच म्हनला हुतास. वरीसभर तू हितंच हुतास. वाचलं असशीलच की. आठवंल तेवढं सांग, मी लिवतो.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसले.

मी ती फाइल एकदाही उघडली नव्हती.