खतौनीत एकच नाव

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मी एक छोटा प्रवेश लिहिला. झाशीत मराठी घरं आता मोजकी, त्यामुळे रेल्वेतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसालाही लेखक करून टाकतात. विषय मीच निवडला: वडिलोपार्जित जमिनीवरून भांडणारे दोन भाऊ.

नाटक बसवणाऱ्या बाई जुन्या शिक्षिका. त्यांनी दोन पानं वाचून चष्मा काढला. माझ्या प्रवेशातला धाकटा भाऊ म्हणत होता, "दादा, तू माझ्यावर अन्याय केलास, माझं मन मोडलंस." थोरला म्हणत होता, "मी एकट्याने वडिलांची सेवा केली, याची जाणीव तुला कधी झाली नाही." मग दोघं रडत होते.

"तुमच्याकडे भाऊ असं बोलतात?" बाईंनी विचारलं. "आमच्याकडे तर कुणी नाही बोलत. मनातलं जिथे जिथे सरळ सांगितलंय, ते सगळं काटा. हातांना काहीतरी काम द्या. एकाने विचारलं की दुसऱ्याने दुसरंच काहीतरी सांगावं. आणि भैया, थोरला इतका चांगला का आहे हो?"

मी घरी आलो, नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात बसून वाक्यं खोडू लागलो. सगळी खोडून झाल्यावर कागदावर जे उरलं, ते मी रचलेलं नव्हतं. ते घडलेलं होतं. ते इथे लिहितो, कारण आजवर नातेवाइकांना मी ते वेगळंच सांगत आलो.

वडिलांनी निवृत्तीनंतर झाशी जिल्ह्यातल्या मोठ या तहसिलीच्या गावाजवळ आठ बिघे जमीन घेतली होती. आई त्यांच्या आधीच गेली. वारस आम्ही दोघं: मी झाशीत, धाकटा इटारसीला रेल्वेतच. वडील गेल्यावर वारसाची नोंद करायला मी लेखपालाकडे, म्हणजे तिथल्या तलाठ्याकडे गेलो. गावात राहणाऱ्यांची नावं गावच्या कुटुंब रजिस्टरात असतात, लेखपाल तिथे बघून वारस लिहितो. आम्ही शहरातले, त्यात परप्रांतातले. आमचं पान त्या रजिस्टरात नव्हतंच. त्याने मलाच विचारलं, "कितने भाई हो?"

मी म्हणालो, "मैं ही हूँ."

गावातल्या दोघांनी साक्ष दिली. ते खोटं बोलले नाहीत. वडिलांबरोबर शेतावर येणारा मुलगा त्यांनी एकच पाहिला होता. कुणाची हरकत नाही म्हटल्यावर लेखपालाच्या वरच्या कानूनगोने सही केली आणि खतौनीत, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यात, वडिलांच्या जागी माझं एकट्याचं नाव लागलं. घरी मी सांगितलं की भावाची सही मिळवायला वेळ लागला असता, त्याचं नाव मागाहून चढवता येतं. चढवता येतं, हे खरं होतं. चार वर्षं वडिलांची अंथरुणं मी धुतली होती, हेही खरं होतं. पण लेखपालाने ते विचारलं नव्हतं.

नोंद झाल्यानंतरच्या फेब्रुवारीत भाऊ आला. थेट घरी न येता सकाळच्या गाडीने मोठला उतरला आणि दुपारी मला शेतावरच भेटला. मटार तोडणीला आला होता. मी बांधावर बसून शेंगा पिशवीत भरत होतो.

"लवकर आलास," मी म्हणालो.

"मोठला एक काम होतं. दहालाच आटोपलं."

कुठलं काम, हे मी विचारलं नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद होता आणि पातळ कापडातून तहसिलीचा शिक्का दिसत होता. खतौनीची नक्कल मागायला तिथे खिडकी आहे, कुणालाही मिळते.

तो शेजारी बसून माझ्या पिशवीतल्या शेंगा सोलू लागला. दाणे खाईना, नुसते टरफलात परत ठेवी.

"मोटर नवी बसवलीस?"

"जुनी जळाली."

"मीटर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"बरं केलंस. बिल एकाच नावाने आलेलं बरं. दोन नावं असली की लाइनमन गोंधळतात."

मी म्हणालो, यंदा पाला पडला, पिकावर दव गोठलं, दाणा बारीक राहिला. तो म्हणाला, बारीकच गोड असतो. मग त्याने पलीकडच्या बांधाकडे बोट केलं. "बाबा तिथे बसायचे ना?"

"शेवटची दोन वर्षं नाही बसले. उचलून आणावं लागलं असतं."

"हो. तू कळवायचास पत्रात." पुढची शेंग सोलत तो म्हणाला, "प्रत्येक पत्रात."

बटाईने शेत करणारा चहा घेऊन आला. त्याने भावाकडे बघून मला विचारलं, "पाहुने हैं, बाबूजी?"

त्या क्षणी मी उत्तर देऊ शकलो असतो, असं आजही वाटतं. "भाई है" एवढेच दोन शब्द होते. मी चहाचा पेला घेतला आणि साखर कमी आहे म्हणालो.

भाऊच हसून त्याला म्हणाला, "हाँ भैया, मेहमान हैं. शाम की गाड़ी से जाना है."

घरी चल, वहिनीने तुझ्यासाठी पुरणपोळी केलीय, असं मी म्हणालो. त्याने तिला नमस्कार सांगितला. मी मटारची पिशवी त्याच्या हातात दिली. रस्त्यापर्यंत त्याने ती नेली आणि बस आली तेव्हा मैलाच्या दगडावर नीट, सांडणार नाही अशी ठेवली. खिशातला कागद त्याने शेवटपर्यंत काढला नाही. हरकतीचा अर्ज त्याने कधीच केला नाही. नातेवाइकांना मी सांगत राहिलो की तो शेतावर येऊन भांडला, वाट्टेल ते बोलला आणि संबंध तोडून गेला. सहा वर्षांनी तो वारला. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

मंडळात तो प्रवेश झाला. लोकांना थोडा संथ वाटला. मुलांना मराठी नीट बोलता येत नाही, त्यामुळे वाक्यं छोटी असल्याचा फायदा झाला. बाईंनी मला नंतर काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या की थोरला आता बरोबर आहे.

दिवाळीनंतर मी मोठला जाऊन तहसीलदारांकडे अर्ज दिला: मृताला दोन मुलगे होते, मी एक लपवला, जुना आदेश मागे घेऊन धाकट्याच्या वारसांची नावं सहखातेदार म्हणून चढवावीत. वकील म्हणाला, "बाबूजी, 'भूल से रह गया' लिख देते हैं." मी 'लपवला' तसंच ठेवायला लावलं. मग पुतण्याला फोन केला. तारखेला येऊन बयान, म्हणजे जबाब, द्यावं लागेल, असं सांगितलं.

"काका, तब्येत कैसी है आपकी?" त्याने विचारलं. मी तारीख पुन्हा सांगितली. तो म्हणाला की त्या आठवड्यात ड्यूटी आहे. मी पुढच्या तारखेचं विचारलं. तेव्हाही होती. तो अगदी आदराने बोलत होता.

दोन तारखा गेल्या. तहसिलीने पुतण्याला नोटीस पाठवली ती परत आली. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं: लेने से इन्कार.

वकील खूश झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नकार म्हणजे नोटीस पोचलीच; आता माझ्या एकट्याच्या बयानावरही नावं चढतील, वाटणी मागायची की नाही ते पुढे त्यांचं ते बघतील. म्हणजे नावं चढतील. त्यांना नको असताना चढतील, आणि मी भरपाई केली असं कागद म्हणेल.

बयान येत्या मंगळवारी आहे. तिथे विचारतील, किती भाऊ होतात. उत्तर माझ्याकडे तयार आहे. ते ऐकायला ज्याने यायला हवं होतं तो नाही, आणि त्याचा मुलगा येणार नाही.