अंगातलं वारं

बायको काविळीनं गेली, त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. मी सातारा-विटा गाडीवर कंडक्टर होतो. तिकीट फाडायचं, चिमट्यानं भोक पाडायचं, 'मागं जागा हाय, सरका' म्हणून ओरडायचं, ही कामं हात आणि तोंड आपापली करत होती. डेपोतले लोक म्हणायचे, गडी खंबीर आहे. खंबीर कसला! मेलेल्या दातासारखा झालो होतो, हलवलं तरी दुखत नव्हतं.

पोरगं मात्र माझ्या उलट. नगरपालिकेच्या शाळेत दुसरीला होतं. जेवताना उठायचं, झोपेत लाथा मारायचं, पलंगावरून उडी, उंबऱ्यावरून उडी, बोलताना एका पायावर. त्याला सांभाळायला माझी आई वडूजकडच्या गावाहून साताऱ्याला येऊन राहिली होती. आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेली. आई बोलायला फटकळ आणि देवधर्माला पक्की. नातवाकडं बघत ती म्हणायची, "ह्ये साधं न्हाई. आई गेल्यापासनं ह्याला काय तरी लागलंय." मी हूं म्हणायचो. त्या काळात मी सगळ्यालाच हूं म्हणत होतो.

अशात शाळेतून चिठ्ठी आली. ती मी जेवणानंतर आईला मोठ्यानं वाचून दाखवली. बाईंचं अक्षर टपोरं, मजकूर सरळ. त्यांनी लिहिलं होतं:

'आपला मुलगा हुशार आहे, पण त्याच्या अंगात वारं भरलेलं असतं. दटावून ते दाबण्यापेक्षा खेळातून बाहेर काढलं, तर त्याचं लक्ष अभ्यासात लागेल असं मला वाटतं. म्हणून यापुढं थोडा वेळ बैठा अभ्यास झाला की सगळ्या वर्गाचेच हालचालीचे खेळ घेईन. त्याला एकट्याला वेगळं काढणार नाही. फरशीवर खडूनं घरं आखून पाढ्यांच्या उड्या मारायच्या, अक्षरावरून चालायचं, खुणेसरशी पळायचं आणि खुणेसरशी थांबायचं. धावण्याइतकंच थांबणंही शिकवायचं आहे. शेवटी हळू खेळ, लांब श्वास, मग पुन्हा पाटी. चूक झाली म्हणून खेळ बंद करणार नाही, कारण त्याची गरज ज्याला जास्त, त्याचाच तो बंद होतो. ही शिक्षा नाही आणि लाडही नाहीत. एकदा वर्गात येऊन पाहावं.'

माझ्या मते चिठ्ठी संपली होती. आईच्या मते ती पहिल्याच वाक्यात संपली होती.

"वाच पुन्ना. अंगात काय हाय म्हनली बाई?"

"वारं."

"बघ! शिकली-सवरलेली बाई, तिला बी दिसलं!"

आता आमच्याकडं वारं म्हणजे काय, हे सांगायला हवं. देवाचं वारं येतं तेव्हा माणूस घुमतो, आणि वाईट वारं लागलं तर ते देवरुषाकडं नेऊन काढावं लागतं. बाई साताऱ्यातच वाढलेल्या. धडपडं पोर दिसलं की शहरात सहज म्हणतात तसं त्यांनी लिहिलं. वर ते 'बाहेर काढलं' तर बरं, असंही लिहिलं. आईच्या दृष्टीनं निकालच लागला.

"पर ह्ये काम बाईच्यानं हुनार न्हाई," ती म्हणाली. "त्याला आपला देवरुषी पायजे. अवसेला गावाकडं नेऊ. तिथंच ठिवायचं, बरं हुईस्तवर."

तो देवरुषी मला ठाऊक होता. मिरच्यांची धुरी द्यायचा, वेताच्या छडीनं फोडून काढायचा. गावातलं एक पोर तिथून गप्प होऊन आलं, ते गप्पच राहिलं. हे सगळं मला आठवत होतं आणि तरी तोंडून निघालं, "हूं." शाळा बुडेल, पोराला मार बसेल, हे कळत होतं. नुसतं कळत होतं.

अवसेच्या आधी एकदा बाईचं 'काढणं' बघायचं, असा आईचा हट्ट. माझी सुट्टी होती त्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो आणि मागच्या भिंतीशी बसलो. आईनं वर्गभर नजर फिरवली. लिंबू नाही, अंगारा नाही. "आवं बाई, सामान कुठाय?" तिनं विचारलं. बाई गोंधळल्या. मग त्यांनी हातातला खडू दाखवला.

पोरं फळ्यावरची गणितं करत होती. माझं पोर बाकावर अर्धं बसलेलं, अर्धं उभं. बाईंनी तिकडं काणाडोळा केला. थोड्या वेळानं त्यांनी बाकं कडेला सरकवायला लावली, त्याला बाकाचं जड टोक धरायला दिलं. मग खडूच्या घरांतून दोनच्या पाढ्याच्या उड्या. पाढ्यासाठी घरी ओरडून घसा बसला होता आईचा. इथं तो उडत उडत वीसपर्यंत गेला. आई पुटपुटली, "ह्यात देव कुठाय? नुसतं नाचनं."

मग बाई म्हणाल्या, "डोंगराला आग लागली, पळा पळा पळा!" वर्गात धुरळा उडाला. आणि मधेच त्यांनी हात वर केला, "स्टॅच्यू!"

सगळी पोरं जागच्या जागी थिजली. माझंही. एक पाय मागं, हात हवेत, डोळ्याची पापणी हलत नव्हती. कितीतरी महिन्यांत मी त्याला असं बघितलं नव्हतं. बाई त्यांच्यामधून सावकाश फिरल्या, मग म्हणाल्या, "ओव्हर." पोरं हसत खाली बसली, पोटावर हात ठेवून लांब श्वास घेऊ लागली. नंतर पाट्या निघाल्या. त्यानं खाली मान घालून सगळी गणितं लिहिली.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं घराकडं निघालो. आईचं मत काही बदललं नव्हतं. "ग्वाड बाई हाय," ती म्हणाली, "पर पळवून वारं निघतंय व्हय? अवसेला सकाळची गाडी धरू." मी हूं म्हणणार होतो. पोरगं पुढं एका पायावर चाललं होतं. मी सहज त्याला म्हटलं, "तुला तर चांगलं गप उभं राहता येतंय की रं. मग घरी का नाचतोस?"

"शाळेत बाई मागनं ओव्हर म्हणतात," तो म्हणाला. "घरी कोण म्हणतंय? तुम्ही कधीपासनं स्टॅच्यूच हाय, आप्पा. मी थांबलो तर मी पण तसाच राहीन."

मी रस्त्यात उभा राहिलो. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, ते ऐकू येत होतं. छातीत काहीतरी दुखलं. नीट, जागेवर दुखलं.

"आये," मी म्हटलं, "देवरुषाकडं न्यायचं न्हाई त्याला. पोरगं हितंच शाळेत जाईल."

"आन् वारं?"

"ऱ्हाऊ दे त्याच्या अंगात."

आईनं माझ्याकडं बघितलं. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. पदर डोक्यावर ओढून ती पुढं चालू लागली. मी पोराजवळ उकिडवा बसलो. हसण्यावारी न्यावं म्हणून म्हटलं, "मग तू म्हण की मला ओव्हर."

त्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि मान हलवली.

"मी म्हणून चालत नाही, आप्पा. ज्यानं स्टॅच्यू केलं, त्यानंच म्हणायचं असतं."