चार निळे पडदे आणि एक पट्टी

विट्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानातला कंप्युटर मी स्वतः बिघडवला आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार तो कोणी बिघडवला याचा शोध घेत बसलो.

बिघडवला कसा, तर मेमरी वाढवून. दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळं गाव ताई म्हणतं, तक्रार करत होत्या की मोठी फाइल उघडली की कंप्युटर कासवासारखा चालतो. मी जुन्या रॅमच्या पट्टीशेजारी एक नवी पट्टी खोचली, कंप्युटर चालू झाला, पडद्यावर आकडा दुप्पट दिसला. मी हात झटकले. तासभर तपासणी लावायची असते, ती ‘कशाला उगाच’ म्हणून सोडून दिली. हे ‘कशाला उगाच’ माझ्या कंप्युटर दुरुस्तीच्या धंद्याचं ब्रीदवाक्य आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन. ‘निळं आलंय. लगेच या.’

दुकानात आटपाडीकडचे एक आबा बाकड्यावर बसले होते. डोक्याला फेटा, हातात पिशवी. त्यांचा मुलगा फौजेतली नोकरी पुरी करून त्या संध्याकाळी घरी यायचा होता. वेशीत ट्रॅक्टर, हलगी, गुलाल, सगळं तयार होतं. राहिला होता फक्त कमानीवरचा भलामोठा फ्लेक्स. बाकीच्या दुकानांत कुठल्यातरी साहेबांच्या वाढदिवसाची छपाई चालू होती, तिथं कोणी दारात उभं करत नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच मशीनवर.

ताईंनी जवानाची फाइल छपाईच्या प्रोग्रॅमला दिली. हा प्रोग्रॅम चित्र फोडून मशीनला कळेल असं करतो आणि त्यात मेमरी भरभरून खातो. निम्म्यात पडदा निळा झाला. वर रडका चेहरा, खाली चौकोनी कोड, त्याशेजारी स्टॉप कोड: आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.

‘त्ये तोंड का वाकडं करतंय?’ आबांनी विचारलं.

‘आबा, त्याला त्रास होतोय.’

‘आन ह्यो चौकोन? पैसं पाठवायचा हाय का?’

‘नाही आबा. तो स्कॅन केला की माहितीचं पान उघडतं. त्यात सगळ्यांना एकच सल्ला असतो.’

मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, निळा पडदा आला की घाबरू नका, फोटो काढा, कोड वाचा. ताई शहाण्या, त्यांनी फोटो काढला. मी कोड वाचला आणि जाहीर केलं, ‘ड्रायव्हर आहे. कुठल्यातरी ड्रायव्हरनं भलत्या वेळी भलत्या जागी हात घातलाय.’ यात खोटं काही नव्हतं. हा कोड बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळेच येतो. बहुतेक वेळा. मी छपाई मशीनचा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.

दुसरा पडदा. पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. खाली ‘काय बिघडलं’ म्हणून फाइलचं नाव, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं. ‘बघा, सापडला!’ म्हणून मी ओरडलो. तो ड्रायव्हर मुळासकट उपटला, नवा उतरवून घातला. नेट असं रांगत होतं की मधल्या वेळात आबांचे दोन चहा झाले.

तिसरा पडदा. सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. या वेळी फाइल डिस्क सांभाळणाऱ्या भागाची. मी गंभीर चेहरा केला. ‘ताई, डिस्क चाललीय तुमची.’ डिस्क तपासली. ठणठणीत.

‘मगाशी निराळंच म्हनला व्हतास रं,’ आबा म्हणाले.

‘आबा, ते लक्षण होतं. हे कारण आहे.’

‘आमच्या म्हशीचा डॉक्टरबी असंच म्हनायचा.’

‘मग काय झालं?’

‘म्हस मेली.’

मधूनच ताईंनी एक वाढदिवसाचा बारका बॅनर छापून बघितला. तो सुरळीत निघाला. मोठी फाइल घेतली की निळं. इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. बारक्या कामाला मेमरीचा थोडाच भाग लागतो, मोठ्याला शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जावं लागतं. घंटा वाजली नाही. मी फाइललाच दोष दिला आणि ताईंना जवानाच्या फोटोमागचा तिरंगा हलका करायला लावला. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिरंगा पुन्हा होता तसा करायला लावला.

चौथा पडदा. मेमरी मॅनेजमेंट. आता कंप्युटरनं अक्षरशः नाव घेऊन सांगितलं होतं. तरी मी काय करावं? मेमरी पुरेना की कंप्युटर डिस्कवरची जागा उसनी घेतो, ती वाढवायला बसलो! कारण पट्टी नवी होती, आणि ती मी बसवली होती.

आबांचा फोन वाजला. पोरगं कराडला उतरून जीपनं निघालं होतं. आबा उठून उभे राहिले, फेटा सारखा केला, पुन्हा बसले. मी पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं.

ताईंनी फोन माझ्यापुढे धरला. चारही फोटो ओळीनं. ‘तुम्ही आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारता,’ त्या म्हणाल्या. ‘बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं होतं? तो आज नाही विचारलात.’

चार फोटो, चार कोड. जिथं फाइलचं नाव होतं तिथं तेही दर वेळी वेगळं. एकच ड्रायव्हर वाईट असता तर पुन्हा पुन्हा त्याचंच नाव आलं असतं. दर वेळी नवा आरोपी उभा राहतो तेव्हा सगळ्यांच्या पायाखालची जमीन तपासायची असते, आणि ती जमीन म्हणजे मेमरी. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. चहाच्या टपरीवर फुकट शिकवतो.

मी कंप्युटरचा डबा उघडला, नवी पट्टी काढून खिशात घातली. कंप्युटर पुन्हा कासव झाला, पण कासव चालत राहिलं. छपाईच्या मशीनवर पट्ट्या-पट्ट्यांनी जवानाची टोपी उमटली, मग कपाळ, मग मिशा. आबा मशीनपाशी जाऊन उभे राहिले आणि मिशा पूर्ण होईपर्यंत हलले नाहीत. (ती पट्टी पुढं जुनीच्या जागेवर एकटी लावून तपासली. हार्डवेअरमध्ये दोष आहे, असं कंप्युटरनंच लिहून दिलं.)

फ्लेक्सची शाई ओलसर होती. गुंडाळला तर चेहरा पुसेल म्हणून कोणीतरी पसरून धरायला हवा होता. आबांनी विचारलं नाही, नुसतं दारात लावलेल्या आपल्या जीपकडे बोट दाखवलं. मागच्या हौद्यात, वाऱ्याशी झोंबत, जवानाच्या मिशांना धरून मी आटपाडीच्या रस्त्याला लागलो.

वेशीत पोचलो तर हलगी वाजून थांबलेली आणि जवान आधीच हजर. गळ्यात हार, गुलालानं माखलेला, स्वतःच्याच स्वागताच्या फ्लेक्सची वाट बघत उभा. बापाला बघून त्यानं कडक सलाम ठोकला. आबांनी तो घेतला, आणि डोळे पुसायच्या आत म्हणाले, ‘चल, शिडी धर.’

तो आपल्याच कमानीवर चढला. खाली मी दोर धरून उभा राहिलो. फ्लेक्स ताणून बसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून त्यानं विचारलं, ‘आबा, ह्यो कोन?’

आबांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

‘कंप्युटर बिघडवतो,’ ते म्हणाले. ‘पन दोर बरा धरतोय.’