गोष्टीतल्या मुलीचा फ्रॉक

मैत्रिणींनो, तुम्ही सुचवलेली पुस्तकं आज दुपारी माझ्या नऊ वर्षांच्या पोरीसोबत वाचली. शाळेत तिला चिडवतात एवढंच मला कळलं होतं. विचारलं की म्हणायची, "काई नाई."

एका पुस्तकातला पोरगा उलट उत्तर देतो आणि सगळे गप्प बसतात. ते मी बाजूला ठेवलं. हिला तसं जमलं नसतं आणि तिनं स्वतःलाच दोष दिला असता.

दुसऱ्यात एका मुलीजवळ वर्गात कोणी बसत नाही. त्या चित्रावर थांबून मी फक्त गोष्टीतल्या मुलीबद्दलच विचारलं, "हिच्याजवळ काऊन बसत नसन कोणी?"

"हिच्या फ्रॉकले मोहाचा वास येते. धुतला तरी जात नाई."

पुस्तकात मोहाचं नावही नाही. मोहफुलं आमच्या अंगणात वाळताहेत. त्यांच्यावरच सध्या घर चालतं.

शेवटी ती मुलगी आईला सगळं सांगते. पोरीनं ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.

"आई, मंग हिची आई मोह वेचणं सोडून देते काय?"

एवढ्यासाठी ती गप्प होती.

उद्या शाळेतल्या बाईंशी बोलणार आहे. पण त्याआधी पहाटे टोपली घेऊन निघायचं आहे. ती जागी असली, तर तिला काय सांगू?